वह्या तुझ्या हाती देताना

या एक एप्रिलपासून आमचं किराणा दुकान मुलगा बघतो. दुकान सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. धान्य, साखर, गूळ सांगलीच्या मार्केट यार्डातून येतो आणि साबण-बिस्किटं एजन्सीच्या गाडीतून. गल्ल्यावर बसायला त्याला लहानपणापासून येतं, पण वह्या कधी त्याच्या हातात नव्हत्या. म्हणून मी त्याला एक टिपण लिहून दिलं. गिऱ्हाइकांची आणि व्यापाऱ्यांची नावं गाळून, आकडे थोडे बदलून ते इथे देतो. ज्यांच्या घरी किराण्याची उधारीची डायरी आहे त्यांना वहीची दुसरी बाजूही दिसेल.

चि. बाळास,

दुकान किती रुपयांचं आहे, असं परवा तू विचारलंस. मांडणीवर नजर टाकून तू दहा-बारा लाख म्हणालास. तू सगळ्या पाकिटांवरच्या छापील किमती मनात धरल्या होत्यास. त्या किमती गिऱ्हाइकासाठी असतात. आपण माल ज्या भावाने आणला, त्या भावाने तो मोजायचा आणि बाजारभाव त्याच्याही खाली गेला असेल तर बाजारभावाने. तसा मोजला तर ३१ मार्चला दुकानात आणि मागच्या गोडाऊनमध्ये मिळून ६,४०,००० रुपयांचा माल होता. लोकांकडून उधारीचे येणे २,१०,००० होते. गल्ल्यात आणि बँकेत ५५,०००. ही झाली आपली बाजू. व्यापाऱ्यांचं आणि एजन्सीवाल्यांचं देणं होतं २,४०,०००. वजा केलंस की राहिले ६,६५,०००.

पण हा आकडाही खरा नाही. मालात २८,००० चा माल असा आहे जो आता कुणी घेणार नाही: बंद पडलेल्या ब्रँडचे शाम्पू, फिकट झालेल्या रांगोळ्या, दोन दिवाळ्या पाहिलेले आकाशकंदील. उधारीत ४६,००० असे आहेत की त्यातले दहा हजार आले तरी नवल. दोन्ही काढून टाक. उरतात ५,९१,०००. फ्रीज, काटा आणि फळ्या सोडून तुझ्या हाती मी एवढंच देतोय.

हा आकडा तीन वह्यांतून निघतो: मालाची वही, देण्यांची वही आणि उधारीची वही. रोजचा गल्ला तुला कळतो, कारण तो डोळ्यांसमोर भरतो आणि रिकामा होतो. पण दुकानाचा पैसा गल्ल्यात फार वेळ बसत नाही. तो गोणीत जातो, नाहीतर कुणाच्या तरी खात्यावर जातो. गल्ला भरलेला दिसतो तेव्हाही त्यातला निम्मा बऱ्याचदा एजन्सीवाल्याचा असतो.

मालाची वही

या वहीत प्रत्येक जिनसाला एक पान. डावीकडे आलेला माल, उजवीकडे गेलेला, शेवटी शिल्लक. पाकीटबंद माल नगावर लिहायचा, सुटा माल किलोवर. गोणीवर कधीच लिहायचा नाही. साखरेची गोणी ५० किलोची, तूरडाळीची कधी ३० ची तर कधी ५० ची. तांदळाचं तर विचारू नकोस. २०२२ च्या जुलैत २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी बसला, तेव्हापासून बऱ्याच गिरण्या २६ किलोची गोणी भरू लागल्या. वहीत नुसतं ‘तांदूळ १० गोणी’ लिहिलं आणि मनात २५ धरले, तर दहा किलो तांदूळ हिशेबाबाहेर राहिला. तो नाहीसा झाला तरी वही तुला काही सांगणार नाही.

सगळ्या जिनसांची मोजणी दर महिन्याला होत नाही, करूही नकोस. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, खोबरं, तेल आणि चहा पावडर या सहा जिनसांची मोजणी मात्र महिन्याच्या शेवटच्या रात्री करायची. पैसा यांत जास्त अडकतो आणि गळतीही यांतच होते. बाकीचा माल तीन महिन्यांतून एकदा मोजला तरी पुरे.

मोजणीने काय कळतं ते मार्चच्या साखरेवरून बघ. महिन्याच्या सुरुवातीला कोठीत ८० किलो होती. पाच गोण्या आल्या म्हणजे २५० किलो. एकूण ३३०. महिनाभरात एक-एक किलोच्या २६८ पिशव्या विकल्या गेल्या, म्हणजे ६२ किलो शिल्लक राहायला हवी. काट्यावर ठेवली तेव्हा भरली साडेसत्तावन्न. साडेचार किलो कमी.

साखरेत घट येते. गोणी फोडताना सांडते, शिवणीत अडकून राहते, मुंग्या खातात. आपल्या दुकानात शंभर किलोला अर्धा किलो घट मी धरतो. २६८ किलोला ती झाली साधारण एक किलो तीनशे ग्रॅम. मग उरलेले तीन किलो दोनशे ग्रॅम गेले कुठे? पहिला संशय माणसाच्या मनात येतो तो पोऱ्यावर. तो मनात ठेव, पण आधी काटा बघ. मी भरून ठेवलेल्या दहा पिशव्या काट्यावर ठेवल्या. एकूण एक पिशवीत साखर बारा-तेरा ग्रॅम जास्त. पोऱ्या आधी पाच किलो आट्याच्या जाड पिशव्या भरत होता. त्या पिशवीचं वजन १५ ग्रॅम, आणि तेच काट्यावर वजा करून ठेवलेलं. साखरेची पिशवी तीन ग्रॅमची. काटा एक किलो दाखवत होता, तेव्हा पिशवीत साखर होती एक किलो बारा ग्रॅम. २६८ ला बाराने गुण, तीन किलो दोनशे ग्रॅम होतात. साखर पोऱ्याने घरी नेली नव्हती, आपणच ती गावाला वाटली होती.

हेच उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. रिकामी पिशवी वजा करायची राहिली की गिऱ्हाइकाला माल कमी जातो. मग महिनाअखेरीला तुझ्या वहीत साखर जास्त निघते. शिल्लक जास्त निघाली म्हणून खूश होऊ नकोस. घट यायलाच हवी त्या जिनसात वाढ दिसली, तर कुणाचं तरी माप कमी पडलंय किंवा एखादं खरेदीचं बिल वहीत चढवायचं राहिलंय.

पाकीटबंद मालात घट नसते, तिथे तारीख असते. माल आला की पेन्सिलीने पानाच्या कडेला मुदतीचा महिना लिही आणि मागचं पाकीट पुढे ओढूनच नवं मागे लाव. आणखी एक खूण मी करत आलोय. ज्या कंपनीची एजन्सी मुदत संपलेला माल परत घेते तिच्या पानावर ‘प’ आहे, जी घेत नाही तिच्या पानावर फुली. फुलीवाल्यांचा माल सेल्समनने कितीही स्कीम दाखवली तरी पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरायचा नाही. बारावर एक फुकट मिळालेल्या डब्यातले तीन फेकावे लागले, तर स्कीम कुणाच्या फायद्याची झाली याचा हिशेब तूच कर. फेकलेला माल वहीतून उतरवताना ‘बाद’ असं लिही आणि आपल्या कर सल्लागाराला कळव, कारण त्या मालावर आपण घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते.

देण्यांची वही

इथे प्रत्येक व्यापाऱ्याला पान आहे. बिलाची तारीख, बिल नंबर, रक्कम, किती दिवसांनी द्यायचं, कधी दिले, चेक नंबर किंवा ऑनलाइन व्यवहाराचा नंबर. रकाने एवढेच. एजन्सीवाले सात ते पंधरा दिवस थांबतात, यार्डातला व्यापारी ओळखीवर एकवीस दिवस, क्वचित महिना.

पैसे नेहमी बिलावर द्यायचे, खात्यावर नाही. सेल्समन म्हणतो, ‘मालक, वीस हजार द्या, खात्याला जमा करतो.’ ते त्याच्या सोयीचं आहे. तुझ्या चेकबरोबर कोणती बिलं भागली ते तूच लिहून द्यायचं. नाहीतर वर्षाने बिलं एका रांगेत, जमा दुसऱ्या रांगेत, आणि मधला फरक कशाचा ते ना त्याला सांगता येतं ना तुला.

मार्चअखेरीला प्रत्येक एजन्सीकडून खात्याचा उतारा मागवायचा. या वेळी एकीच्या उताऱ्यात आपल्याकडे ८४,६०० येणे दाखवलं. आपल्या वहीत देणं होतं ७७,२५०. फरक ७,३५०. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोन्हीकडे जुळणाऱ्या नोंदींवर टिक करत गेलो. शेवटी तीनच नोंदी टिकेशिवाय राहिल्या. मुदत संपलेला माल जानेवारीत परत दिला होता, त्याची २,१५० ची क्रेडिट नोट त्यांनी काढलीच नव्हती. स्कीमचे १,२०० सेल्समनने तोंडी कबूल केले होते, बिलात आले नव्हते. आणि ४,००० रुपये आपण दिले होते, पण ते सेल्समनच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर गेले होते, एजन्सीच्या खात्यात नव्हते. तिन्ही मिळून बरोबर ७,३५०. क्रेडिट नोट आली. चार हजार सेल्समनने भरले, कारण व्यवहाराचा नंबर आपल्याकडे होता. बाराशे सोडून द्यावे लागले. तोंडी स्कीमला वहीत जागा नाही. यापुढे बिलाच्या मागे त्याच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय स्कीम मिळाली असं धरू नकोस.

रोख देताना एक लक्षात ठेव. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. आणि सही केलेला कोरा चेक कुणालाही देऊन ठेवायचा नाही, मग तो तीस वर्षांचा ओळखीचा असला तरी. तो चेक परत आला तर नोटीस तुझ्या नावाने येईल, त्याच्या ओळखीने नाही.

आता थोडं डोकं लावायची गोष्ट. यार्डातला आपला व्यापारी रोखीत माल घेतला तर शेकडा एक रुपया सोडतो आणि पंधरा दिवसांची मुदत घेतली तर सोडत नाही. एक टक्का म्हणजे काय, असं वाटतं. ४०,००० च्या बिलावर ते ४०० रुपये. बँकेच्या कॅश क्रेडिटमधून ३९,६०० उचलून आजच दिले, तर बारा टक्के दराने पंधरा दिवसांचं व्याज होतं १९५ रुपये. म्हणजे बँकेचं व्याज भरूनही दोनशे रुपये आपल्याकडे राहतात. पंधरा दिवसांना एक टक्का म्हणजे वर्षाला चोवीस टक्के झाले. मुदतीचा माल फुकट मिळतो असं जे दुकानदार म्हणतात, त्यांनी हे गणित केलेलं नसतं. पण हे दर बिलाला जमेलच असं नाही. ते जमतं की नाही, ते तिसऱ्या वहीवर अवलंबून आहे.

उधारीची वही

महिन्याला आपली विक्री साडेचार लाखांची. त्यातली दीड लाखांची उधारीवर जाते. धडधाकट उधारी १,६४,००० आहे, म्हणजे खात्यावर गेलेला माल पैसे होऊन यायला सरासरी तेहतीस दिवस लागतात. त्याआधी तो माल आपल्याकडे सहा-सात आठवडे पडून असतो. व्यापाऱ्याला मात्र आपण सरासरी अठरा दिवसांत पैसे देतो. उधारीवर जाणारी तूरडाळ आणल्या दिवसापासून मोज. जवळपास दोन महिने तिच्यात आपला स्वतःचा पैसा अडकलेला असतो. उधारी वाढली की आधी यार्डातली रोखीची सवलत हातची जाते, मग एजन्सीचं बिल लांबतं, मग गाडी माल न उतरवता पुढे जाते. दुकान बंद पडण्याची सुरुवात अशीच होते, आणि तोपर्यंत गिऱ्हाइकांची गर्दी तेवढीच असते.

म्हणून उधारी बंद कर, असं मी म्हणत नाही. या गावात रोखीचं दुकान चालणार नाही. लोकांचे पैसेच रोज येत नाहीत. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. शिक्षक आणि नगरपालिकेतले लोक पगारावर. यंत्रमागावरचा माणूस आठवड्याला. उसाचे पैसे कारखाना सुरू झाल्यावर; नियमाने ऊस गेल्यावर चौदा दिवसांत यायला हवेत, पण येतात तेव्हा खरे. वहीचे मी चार भाग केले आहेत ते याच हिशेबाने, आडनावांच्या क्रमाने नाही. कोणतं खातं कधी भरायला हवं ते भाग उघडताच कळतं.

यामुळे एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात. ऊसवाल्याच्या खात्यावर ऑगस्टमध्ये १८,००० बाकी असेल तर काळजी करू नकोस. त्याचा ऊस रानात उभा आहे. तेच १८,००० एप्रिलमध्ये असतील, तर कारखान्याचे पैसे येऊन गेले आणि ते दुसरीकडे लागले असं समज. पगारदाराच्या खात्यावर मात्र दहा तारखेनंतर मागच्या महिन्याचा एक रुपयाही राहता कामा नये.

सगळ्यात फसवं खातं नियमित पैसे देणाऱ्याचं असतं. दुधाच्या भागातलं बाविसावं पान काढ. गेल्या वर्षी त्या घरातून छत्तीस वेळा पैसे आले, एकदाही चुकले नाहीत. दर वेळी दोन हजार. असं खातं कोण तपासणार? पण दर दहा दिवसांना माल जात होता सरासरी चोवीसशेचा. चारशे-चारशे मागे राहत गेले आणि १,८०० ची बाकी वर्षाने १६,२०० झाली. पानावर रोजच्या नोंदींत ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला दर एक तारखेची बाकी लाल पेनाने लिहायची, एकाखाली एक. नुसते ते बारा आकडे वाचले की खातं चढतंय की उतरतंय हे कळतं. तीन महिने सलग चढलं की बोलायची वेळ झाली.

बोलायचं दुकानात नाही. चार माणसांत बाकी वाचून दाखवलेला माणूस पैसे देतो आणि पुन्हा येत नाही, किंवा दोन्ही करत नाही. मी डेअरीवर सकाळी त्याची गाठ घेतली. कळलं ते असं, की पेंडीचे पैसे डेअरी बिलातून कापून घेत होती आणि हातात येणारी रक्कम आधीच्यापेक्षा कमी झाली होती. तो उधळत नव्हता, त्याचा मेळच बसत नव्हता. आमचं ठरलं ते असं: यापुढे दर बिलाला जेवढा माल जाईल तेवढे पैसे पूर्ण द्यायचे, म्हणजे बाकी वाढणार नाही. जुन्यातले सहा हजार दिवाळीला डेअरीचा फरक मिळेल तेव्हा, आणि उरलेले दर बिलाला तीनशेप्रमाणे. पानावर हे तारखेसह लिहून त्याची सही घेतली आहे. दिवाळीच्या फरकाची तारीख डेअरीच्या सचिवाकडून आधी काढून ठेव. त्या आठवड्यात कपड्यांची दुकानंही जागी असतात.

सहीचं महत्त्व दोन प्रकारचं. कायदा असा आहे, की उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची सही केली, तर सहीपासून पुन्हा तीन वर्षं मोजली जातात. शिवाय नुसती आपली वही कोर्टात पुरत नाही. नियमाने ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेतात, पण तेवढ्यावर कुणाच्या अंगावर देणं लादता येत नाही. हे जुन्या पुरावा कायद्यातही होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून पाडव्याला नव्या वहीत बाकी ओढताना ‘येणे बाकी रु. अमुक, मान्य’ असं लिहून प्रत्येकाची सही घ्यायची.

आता खरं सांगतो, सहा-सात हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही आणि आपणही जाणार नाही. वकिलाची फी त्याहून जास्त होते. सहीचा खरा उपयोग घरातल्या दुसऱ्या माणसासाठी असतो. म्हातारा जातो आणि मुलगा पुण्याहून येऊन विचारतो, ‘बाबांनी एवढं सामान नेलं कधी?’ त्या वेळी बापाची सही दाखवली की आवाज खाली येतो. ती नसेल तर वाद घालू नकोस. आपल्याकडे त्या घरची डायरी असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेव, नसेल तर तो देईल ते घे.

डायरीचं आता कुणाला महत्त्व वाटत नाही, पण निम्मी भांडणं तीच मिटवते. वहीत लिहिलं की लगेच डायरीत लिहायचं, रकमेबरोबर जिन्नसही. नुसतं ‘किराणा ३४०’ लिहिलेलं महिन्याने कुणालाच आठवत नाही. ‘तेल १ लि., शेंगदाणे अर्धा, साबण २’ असं असलं की बाई स्वतःच म्हणते, ‘हो, पाहुणे आले होते तेव्हाचं.’ नेणाऱ्याचं नावही लिही. काही पानांवर वरच्या कोपऱ्यात दोन-तीन नावं लिहिलेली दिसतील. त्या घरातून त्यांनीच खात्यावर न्यायचं असं ठरलेलं आहे. पोरगं थंड पेय आणि चिप्स खात्यावर मागायला आलं, तर हसून ‘आईला पाठव’ म्हणायचं. दुपारी तुझी आई बसते, तिला ही नावं पाठ आहेत. तिला विचारत जा.

बुडीत ४६,००० ची पानं फाडू नकोस. त्यावर आडवी रेघ मारून मी तारीख घातली आहे. त्यातली तीन घरं गाव सोडून गेली. दोन घरांत दवाखान्यात पैसा गेला आणि त्यांच्याकडे मी मागायचं बंद केलं आहे. ती दोन पानं तुला खुणेशिवायही ओळखू येतील. त्यांना माल देणं थांबवायचं नाही, फक्त तो नव्या पानावर आणि महिन्याला ठरलेल्या रकमेच्या आत. बाकीच्यांत दोघे असे आहेत की पैसे आहेत पण देत नाहीत. त्यांना रोखीने माल दे, गोड बोल आणि खातं उघडू नकोस. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या खात्याची मर्यादा त्याच्या एका वेळच्या मिळकतीच्या हिशेबाने ठेव: दूधवाला असेल तर दहा दिवसांच्या किराण्याएवढी, पगारदार असेल तर महिन्याच्या.

तुला हे सगळं मोबाइलवर घ्यायचं आहे, घे. बेरजा चुकणार नाहीत आणि नोंद केली की गिऱ्हाइकाला मेसेज जाईल, ही चांगली सोय आहे. फक्त थकबाकीचा आपोआप जाणारा मेसेज बंद ठेव. तो दवाखान्यातल्या घरालाही जातो. आणि सुरुवातीची बाकी टाकताना आधी लोकांकडून सही घे, मग टाक. चुकीची बाकी यंत्रात गेली की ती छापील अक्षरात चुकीची राहते, एवढाच फरक.

नाव बदलण्याची कामं

जीएसटीचा नंबर माझ्या पॅनवर आहे. तो तुला वापरता येत नाही. तुझ्या नावाचा नंबर आला आहे, त्यामुळे एक एप्रिलनंतरचं प्रत्येक खरेदी बिल त्या नंबरावरच घे. जुन्या नंबरावरचं बिल आलं तर माल उतरवण्याआधी परत कर, कारण त्या कराची वजावट तुला मिळणार नाही. माझ्या खात्यात राहिलेली वजावट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून तुझ्याकडे येते. ते काम झालं की मगच माझी नोंदणी रद्द करायची. माझ्या वह्या आणि बिलं मात्र जपून ठेव. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून बहात्तर महिने ठेवावे लागतात. दर महिन्याला पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी उघडून आपल्या बिलांशी ताडून बघ. एजन्सीने आपलं बिल भरलं नसेल तर ते तिथे दिसत नाही, आणि तिथे दिसत नाही त्याची वजावट घेता येत नाही. तेवढ्यासाठी फोन करायला लाजू नकोस.

दुकान, माल, येणं आणि देणं तुझ्याकडे दिल्याचा कागद वकिलाने तयार केला आहे. त्याला तिन्ही वह्यांच्या ३१ मार्चच्या याद्या जोडल्या आहेत आणि प्रत्येक पानावर आपल्या दोघांच्या सह्या आहेत. ती यादी एजन्सीवाल्यांनाही दाखव. जुनं देणं कुणी नाकारत नाही हे त्यांना दिसलं की नवं खातं उघडायला ते कुरकुर करणार नाहीत.

गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड अजून माझ्या खात्याचा आहे. चार दिवसांत त्यावर एकवीस हजार आले, ते मी तुझ्या खात्यात टाकले. तुझा कोड आला की जुना काढून टाक, नुसता त्यावर नवा चिकटवू नकोस. दूधवाल्या भागातले बरेच जण माझा नंबर मोबाइलमध्ये ठेवून पैसे पाठवतात. तेरा तारखेला दुधाचं बिल होईल त्याआधी त्या सगळ्यांना नवा नंबर दे, आणि वहीच्या त्या भागात ज्याला सांगितलं त्याच्या पानावर टिक कर.